एंडपिन लांब करण्याआधी बैठक मापावी

प्रश्न : मुलगी आठ वर्षांची आहे, पाव मापाचा चेलो घेऊन महिना झाला. वेंगुर्ल्यात घरी सराव करताना ती सारखी पुढे घसरते आणि डावा खांदा दुखतो म्हणते. एंडपिन नेमकी किती बाहेर काढायची?

उत्तर :

एंडपिनची, म्हणजे चेलोच्या तळातून निघून जमिनीवर टेकणाऱ्या दांडीची, लांबी बसण्याच्या उंचीवर ठरते, म्हणून आधी खुर्ची तपासावी आणि मगच ती दांडी आवळणाऱ्या स्क्रूला हात लावावा. जेवणाच्या टेबलाची खुर्ची साधारण ४५ सेंटिमीटर उंच असते. तिच्यावर बसलेल्या आठ वर्षांच्या मुलीचे पाय अधांतरी राहतात, त्यामुळे जमीन गाठण्यासाठी ती पुढे सरकत राहते आणि ज्या गुडघ्यांनी चेलोला दोन्ही बाजूंनी अलगद सावरायचे, ते स्थिरच राहत नाहीत. प्लास्टिकची खुर्ची तर मी सरावासाठी मुळीच सुचवणार नाही, कारण तिची बैठक मागे उतरती असते आणि त्यामुळे कंबर मागे कलंडून पाठीला बाक येतो.

मुलीला अनवाणी उभे करून जमिनीपासून गुडघ्यामागच्या घडीपर्यंतचे अंतर मोजावे. स्टूल त्याहून एक-दोन सेंटिमीटर उंच असावा, म्हणजे गुडघे कमरेच्या सांध्यापेक्षा किंचित खाली येतात. बसताना बैठकीचा पुढचा अर्धा भागच वापरावा आणि दोन्ही पावले जमिनीवर पूर्ण टेकलेली असावीत. हार्मोनियम किंवा तबल्यासाठी मांडी घालून बसायची सवय असलेली मुले पाय नकळत स्टुलाखाली ओढून घेतात, तेवढे सुरुवातीला आठवणीने सांगावे लागते.

एंडपिनचा पहिला अंदाज उभ्यानेच घ्यावा. चेलो मुलीसमोर सरळ उभा धरल्यावर वरचे वळणदार टोक, म्हणजे स्क्रोल, साधारण तिच्या नाकापर्यंत यावे. खरे माप मात्र बसल्यावरच कळते. चेलोच्या पाठीची वरची कड छातीच्या मधल्या हाडाला टेकते, खालच्या फुगीर भागाला दोन्ही गुडघे लागतात आणि सर्वांत जाड तारेची, म्हणजे सी तारेची, खुंटी डाव्या कानाच्या मागे, कानाला न लागता राहते. मग मुलीला दोन्ही हात सोडून बसायला सांगावे. गुडघे न आवळता चेलो जागेवर राहिला, तर माप जवळपास बरोबर आहे.

एंडपिन आखूड असली तर चेलो उभट राहतो, मूल त्याच्यावर वाकते आणि खुंटी कानाला टोचते. ती लांब असली तर वाद्य आडवे होऊन त्याची मान वर उचलली जाते आणि डावा हात तारांवर ठेवण्यासाठी खांदा वर ओढावा लागतो. आपल्या मुलीचे दुखणे मला या दुसऱ्या प्रकारातले वाटते.

माझ्या भाचीचे मालवणात अगदी असेच झाले होते. तिची उंची १२२ सेंटिमीटर आणि चेलो पाव मापाचाच. उंच खुर्चीवर बसून वाद्य छातीपर्यंत पोहोचत नाही, म्हणून घरच्यांनी एंडपिन २४ सेंटिमीटर बाहेर काढली होती. गुडघ्यामागचे माप भरले ३२. घरात फणसाच्या लाकडाचा जुना स्टूल होता, त्याचे पाय सुताराकडून कापून घेऊन तो ३४ सेंटिमीटरचा केला. तिला त्यावर बसवल्यावर तीच २४ सेंटिमीटरची एंडपिन फार लांब ठरली, आणि एकेक सेंटिमीटर आत घेत आम्ही १७ वर थांबलो. तेव्हा डावा खांदा आपोआप खाली आला आणि उजवा हात न ताणता गज घोडी आणि बोटपट्टी यांच्या बरोबर मध्ये पडू लागला. दांडीवर त्या जागी नेलपॉलिशची बारीक रेघ मारून ठेवली, कारण चेलो पिशवीत ठेवताना दांडी रोज आत सारावी लागते.

आपल्याकडच्या गुळगुळीत लाद्यांवर दांडीचे टोक पुढे सरकते, आणि ते सरकले की बरोबर घेतलेले मापही बिघडते. एक जाड पट्टा स्टुलाच्या पुढच्या दोन्ही पायांना बांधून त्याच्या मध्यभागी टोक अडकवावे आणि गाठ नेहमी एकाच जागी ठेवावी. समुद्राच्या खाऱ्या हवेने दांडीला आणि स्क्रूला गंज धरतो, मग स्क्रू पुरता आवळला जात नाही आणि वाजवताना दांडी हळूहळू आत जाते. यासाठी सरावानंतर दांडी कोरड्या फडक्याने पुसावी.

शिकवणीच्या वर्गातली खुर्ची उंच असेल, तर पायांखाली नुसता पाट ठेवून भागत नाही. पाटाने गुडघे जागेवर येतात, पण दांडी जमिनीवरच असल्यामुळे ती जवळपास तेवढीच वाढवावी लागते, आणि लहान चेलोची दांडी तेवढी लांब असेलच असे नाही. त्यापेक्षा शिक्षकांना विचारून घरचाच स्टूल सोबत नेणे सोयीचे पडते. दर तीन महिन्यांनी गुडघ्यामागचे माप पुन्हा घ्यावे. ते वाढले असेल, तर स्टुलाच्या पायांखाली तेवढ्या जाडीच्या लाकडी चकत्या पक्क्या बसवाव्यात आणि रेघ नव्याने मारावी.