पुनर्मूल्यांकन राखीव निधीतून लाभांश देता येतो का?

"सांगलीतील आमच्या प्रायव्हेट लिमिटेड कंपनीच्या ताळेबंदात यंदा ९० लाखांचा पुनर्मूल्यांकन निधी दिसतो. तो वाटून घेता येईल का?"

नाही, कारण ही रक्कम बँकेत कुठेच आलेली नाही. समजा, तुमची जागा आणि हळदीचे गोदाम पुस्तकात ३० लाखांना होते आणि मूल्यांककाने त्यांची किंमत १ कोटी २० लाख ठरवली, तर मालमत्ता ९० लाखांनी वाढते आणि तेवढीच रक्कम भागधारकांच्या निधीत या नावाने बसते. कंपनी कायदा, २०१३ नुसार त्यातून लाभांश किंवा बोनस शेअर देता येत नाहीत; नक्त मूल्य मोजतानाही ती वगळतात. गोदामावरचा घसारा मात्र आता वाढीव किमतीवर धरला जातो, त्यामुळे पुस्तकी नफा उलट घटतो. जमिनीला घसारा नसतो.