गाडीच्या वेळेचे इंग्रजी मेसेज: ‘ऑन टाइम’ की ‘इन टाइम’, ‘ड्युरिंग’ की ‘व्हाइल’?

प्रश्न: मी कुपवाड एमआयडीसीत डिस्पॅच पाहतो. मुंबईच्या एजंटला आणि ट्रान्सपोर्टवाल्यांना गाडीच्या वेळेचे दोन-दोन ओळींचे मेसेज इंग्रजीत करावे लागतात. ‘ड्युरिंग’ कुठे आणि ‘व्हाइल’ कुठे, तसेच ‘इन टाइम’ आणि ‘ऑन टाइम’ यांत नेमका फरक काय, हे कोणी नीट समजावून सांगेल का?

उत्तर:

मी सांगलीत हळद निर्यात करणाऱ्या एका पेढीचा पत्रव्यवहार पाहतो, त्यामुळे आपण म्हणता तसले मेसेज माझ्याही रोजच्या कामातले आहेत. सुरुवात ‘ऑन टाइम’ आणि ‘इन टाइम’ या जोडीपासून करतो. दुसऱ्या जोडीत चूक झाली तरी वाचणारा बहुतेक वेळा अर्थ लावून घेतो. या जोडीत मात्र वाक्य व्याकरणाने बरोबर राहते आणि अर्थ भलताच पोहोचतो.

‘ऑन टाइम’ म्हणायला आधी ठरलेली, घड्याळातली वेळ लागते. गाडीने ४ वाजता हजर व्हायचे ठरले होते आणि ती ४ वाजता आली, तर ती ‘ऑन टाइम’ आली. ‘इन टाइम’ला अशी ठरलेली वेळ नसली तरी चालते, तिथे पुढे होणारी एखादी गोष्ट लागते, जिच्या आधी आपण पोहोचलो. गाडी सुटण्याआधी आपण स्टेशनात पोहोचलो, किंवा पाऊस सुरू होण्याआधी पोती आत गेली, की ते ‘इन टाइम’. पहिल्यात वेळापत्रक पाळले का, एवढेच पाहायचे असते. दुसऱ्यात काम साधले की हुकले, हे पाहायचे असते.

आपला गोंधळ होतो तो मराठीतल्या ‘वेळेवर’मुळे, कारण तो दोन्ही ठिकाणी चालतो. ‘एसटी वेळेवर सुटली’ म्हणजे ‘ऑन टाइम’. पण ‘ॲम्ब्युलन्स वेळेवर आली म्हणून जीव वाचला’ म्हणतो तेव्हा ॲम्ब्युलन्सला कुठलेच वेळापत्रक नसते. अनर्थ होण्याआधी ती आली, एवढाच अर्थ असतो, आणि इंग्रजीत तिथे ‘इन टाइम’च लागते. म्हणून मनात ‘वेळेवर’ हा शब्द आला की मी आधी स्वतःला विचारतो की इथे ठरलेली वेळ आहे, की हुकू शकणारी एखादी गोष्ट आहे.

आता एक पूर्ण उदाहरण घेऊ. समजा, मंगळवारी दुपारी ४ वाजता रिकामा कंटेनर घेऊन ट्रेलरने गोदामात यायचे ठरले आहे. बंदराचा गेट कट-ऑफ, म्हणजे त्या जहाजासाठी भरलेले कंटेनर आत घेण्याची शेवटची वेळ, बुधवारी दुपारी १२ची आहे. ट्रेलर ३ वाजून ५५ मिनिटांनी आला. हमाल कमी पडल्यामुळे पोती भरायला रात्रीचे ११ वाजले, सकाळी खंबाटकी बोगद्याजवळ वाहतूक अडली आणि ट्रेलर न्हावा शेवाला पोहोचला तेव्हा दुपारचे २ वाजले होते. जहाज हुकले, कंटेनर पुढच्या जहाजावर टाकावा लागला. अशा वेळी घाईत ‘ट्रेलर वॉज नॉट ऑन टाइम’ असा मेसेज गेला, तर एजंट काय समजेल? ट्रेलर गोदामात उशिरा आला, असेच तो समजेल, आणि पुढच्या भुर्दंडाचे बोट ट्रान्सपोर्टवाल्याकडे वळेल. वास्तविक तो माणूस ५ मिनिटे आधीच आलेला होता. खरे ते सांगणारे वाक्य असे होईल: ‘द ट्रेलर रिपोर्टेड ऑन टाइम, बट द कंटेनर डिड नॉट रीच द पोर्ट इन टाइम फॉर द गेट कट-ऑफ.’ एकाच वाक्यात दोन्ही शब्द आले आहेत आणि प्रत्येक जण आपापल्या वेळेशी बांधला गेला आहे.

उलटही घडते. ट्रेलर ४ ऐवजी पावणेपाचला आला, पण पोती पटापट भरली आणि दुसऱ्या दिवशी तो सकाळी १० वाजताच बंदरात शिरला. तेव्हा ‘द ट्रेलर वॉज लेट, बट वी आर इन टाइम फॉर द कट-ऑफ’ असे लिहावे. मिरजेला गाडी बदलणाऱ्याला हे लगेच पटेल: पहिली गाडी २० मिनिटे उशिरा आली, म्हणजे ‘ऑन टाइम’ नव्हती, तरी पुढची गाडी सुटायला अजून अर्धा तास होता, म्हणून आपण ‘इन टाइम’ पोहोचलो. यावरून आणखी एक गोष्ट लक्षात येईल. ‘नॉट ऑन टाइम’ म्हणजे नुसता उशीर, तर ‘नॉट इन टाइम’ म्हणजे गोष्ट हातची गेली. दुसरे वाक्य पुष्कळ जड आहे. ते खरोखर तसे झाले असेल तेव्हाच वापरावे.

‘इन टाइम’ शक्यतो एकटे सोडू नये. त्याच्यापुढे ‘फॉर’ लावून ती गोष्ट लिहावी, नाहीतर ‘टू’ लावून क्रियापद लिहावे: ‘इन टाइम फॉर द कट-ऑफ’, ‘इन टाइम टू लोड टुडे’. आपल्याकडून नुसते ‘प्लीज रीच इन टाइम’ असे पुष्कळदा जाते, पण कशाच्या आत पोहोचायचे हे ड्रायव्हरला त्यातून कळत नाही. आपल्या मनात दुपारी ४ची वेळ असते, तो समजतो गोदाम बंद होण्याच्या आत. आगाऊ सूचना द्यायची असेल तेव्हा तर मी दोन्ही शब्द बाजूला ठेवतो आणि ‘प्लीज रिपोर्ट बाय ४ पीएम’ असे सरळ लिहितो. ‘बाय’ म्हणजे उशिरात उशिरा तोपर्यंत. हे दोन शब्द घडून गेल्यावर कळवताना जास्त उपयोगी पडतात.

‘ड्युरिंग’ आणि ‘व्हाइल’ यांचा नियम थोडक्यात असा की ‘ड्युरिंग’पुढे नाम येते आणि ‘व्हाइल’पुढे कर्ता-क्रियापद असलेले वाक्य येते. ‘ड्युरिंग द मीटिंग’, ‘ड्युरिंग लंच’. पण ‘व्हाइल वी वेअर इन द मीटिंग’. ‘व्हाइल द मीटिंग’ आणि ‘ड्युरिंग वी वेअर लोडिंग’ ही दोन्ही चूक. इथवर बहुतेकांना ठाऊक असते. खरी अडचण ‘लोडिंग’, ‘अनलोडिंग’, ‘वेइंग’ अशा शब्दांशी येते, आणि डिस्पॅचच्या मेसेजमध्ये तर तेच शब्द सारखे येतात. ‘ड्युरिंग लोडिंग’ही बरोबर आहे आणि ‘व्हाइल लोडिंग’ही. मात्र ‘ड्युरिंग’नंतर ‘लोडिंग’ हे कामाचे नाव असते, म्हणून त्याला लागून ‘द ट्रक’ असे कर्म येत नाही. ‘ड्युरिंग लोडिंग द ट्रक’ चूक; ‘व्हाइल लोडिंग द ट्रक’ बरोबर.

मग ‘व्हाइल लोडिंग’ सगळीकडेच लिहावे का? नाही, आणि याचे कारण आपले ‘भरताना’ आहे. मराठीत ‘गाडी भरताना पाऊस आला’ हे निर्दोष वाक्य आहे. भरणारे आपण आणि आला पाऊस, यात कुणाला काही खटकत नाही. इंग्रजीत मात्र ‘व्हाइल लोडिंग’चा कर्ता लिहिलेला नसला, की मुख्य वाक्याचा कर्ता तोच त्याचाही कर्ता धरला जातो. त्यामुळे ‘व्हाइल लोडिंग द ट्रक, रेन स्टार्टेड’ याचा अर्थ पाऊसच गाडी भरत होता असा निघतो. पावसाच्या बाबतीत कुणी गैरसमज करून घेणार नाही, पण माणसाच्या बाबतीत तो होतो. ‘व्हाइल लोडिंग, द ड्रायव्हर शुड काउंट द बॅग्ज’ असा मेसेज ट्रान्सपोर्टवाल्याला गेला, तर त्यात पोती भरण्याचे कामही ड्रायव्हरवर टाकलेले दिसते, आणि ‘भरणे आमच्या माणसाचे काम नाही’ असे उत्तर आले तर ते योग्यच म्हणावे लागेल. इथे ‘ड्युरिंग लोडिंग, द ड्रायव्हर शुड काउंट द बॅग्ज’ लिहावे. भरणारे हमाल आणि मोजणारा ड्रायव्हर, हे त्यातून वेगळे राहते. कर्ता स्पष्ट करायचा असेल तर ‘व्हाइल द हमाल्स आर लोडिंग’ असेही चालेल.

त्या शेवटच्या उदाहरणात ‘आर लोडिंग’ आहे, ‘विल बी लोडिंग’ नाही, याकडेही लक्ष द्यावे. काम उद्याचे असले तरी ‘व्हाइल’नंतर इंग्रजीत वर्तमानकाळच येतो, भविष्यकाळ मुख्य वाक्यात राहतो: ‘आवर सुपरवायझर विल चेक द वेट व्हाइल यू आर लोडिंग टुमॉरो.’ आपण ‘भरत असाल तेव्हा’ म्हणतो, म्हणून हात आपोआप ‘विल’कडे जातो.

‘व्हाइल’ला आणखी एक अर्थ आहे, तो म्हणजे ‘जरी’. ‘व्हाइल द ट्रक रीच्ड ऑन टाइम, लोडिंग स्टार्टेड लेट’ यात गाडी येण्याची आणि भरणे सुरू होण्याची वेळ एकच होती असे म्हणायचे नसते; गाडी वेळेवर आली तरी भरणे उशिरा सुरू झाले, असा त्याचा अर्थ. वाक्याच्या आरंभी ‘व्हाइल’ ठेवताना तेवढे पाहून घ्यावे.

वेळापत्रकात सर्वांत जास्त आढळणारी चूक मात्र ‘ड्युरिंग १० टू १२’ ही आहे. ती थेट ‘१० ते १२ दरम्यान’मधून येते. ‘ड्युरिंग’पुढे प्रसंगाचे किंवा काळाचे नाव हवे, घड्याळाचे दोन आकडे चालत नाहीत. त्या जागी दोन पर्याय आहेत आणि त्यांचे अर्थ वेगळे आहेत. ‘कॉल मी बिट्वीन १० अँड १२’ म्हणजे त्या दोन तासांत केव्हाही एकदा. ‘द गेट विल बी क्लोज्ड फ्रॉम १० टू १२’ म्हणजे पूर्ण दोन तास. तसेच ‘ड्युरिंग टू अवर्स’ नाही, ‘फॉर टू अवर्स’. किती वेळ हे ‘फॉर’ सांगते, कशाच्या काळात हे ‘ड्युरिंग’ सांगते.

‘ड्युरिंग’ बरोबर वापरूनही एक संदिग्धता उरते. ‘पॉवर विल बी ऑफ ड्युरिंग द सेकंड शिफ्ट’ यात वीज पूर्ण शिफ्टभर नाही, की शिफ्टमध्ये मध्येच काही वेळ नाही, हे ठरत नाही. इंग्रजीत ‘ड्युरिंग’चे हे दोन्ही अर्थ रूढ आहेत. पूर्ण काळ म्हणायचा असेल तर ‘थ्रूआउट द सेकंड शिफ्ट’ लिहावे. थोडाच वेळ असेल तर तो आकड्यांत द्यावा, म्हणजे गाडी केव्हा लावायची हे समोरच्याला परत फोन करून विचारावे लागत नाही: ‘पॉवर विल बी ऑफ फॉर टू अवर्स ड्युरिंग द सेकंड शिफ्ट, फ्रॉम ५ टू ७. प्लीज सेंड द ट्रक बाय २ पीएम, सो दॅट वी कॅन फिनिश लोडिंग बिफोर ५.’