ऑफर हातात आहे, पगाराचं बोलायचंय

वकीलसाहेब, चिंचोळी एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यात क्वालिटी सुपरवायझर आहे. पुण्याच्या कंपनीचं १० जूनचं ऑफर लेटर आलंय: वर्षाला ४,८०,०००, पैकी ४८,००० व्हेरिएबल. १ जुलैला रुजू व्हायचं, उत्तर १७ जूनपर्यंत द्यायचं. माझा नोटीस पिरियड ६० दिवसांचा आहे. पगार नि तारीख बदलून मागितली तर ऑफर जाईल का? राजीनामा आत्ताच टाकू का?

राजीनामा खिशातच ठेवा. आधी कंपनीला द्यायच्या उत्तराचं बघू, कारण सगळं त्यातल्या एका वाक्यावर अडतं.

करार कायद्याच्या, म्हणजे १८७२ च्या कायद्याच्या कलम ७ प्रमाणे स्वीकार बिनशर्त लागतो. ‘महिना ४० हजार फिक्स दिलेत तरच येतो’ असं लिहिलंत की तो स्वीकार राहत नाही, तुमचा नवा प्रस्ताव होतो आणि त्यांचा जुना संपतो. १८४० च्या एका इंग्लिश खटल्यात १००० पौंडांच्या शेताला खरेदीदाराने ९५० सांगितले. मालक नाही म्हणाला, तेव्हा हा १००० ला तयार झाला. कोर्टाने सांगितलं, आता करार नाही. उलट, नुसती विचारणा केली तर प्रस्ताव जिवंत राहतो. म्हणून विचारा, अट घालू नका:

‘ऑफरबद्दल आभारी आहे. येण्याची मनापासून इच्छा आहे. सध्याच्या ऑफरमध्ये फिक्स रक्कम महिना ३६,००० होते. टेरी टॉवेलच्या तपासणीतला माझा अनुभव पाहता ती ४०,००० होऊ शकेल का, आणि व्हेरिएबल त्यावर वेगळं राहील का? माझी नोटीस ६० दिवसांची आहे. सुधारित पत्र १७ जूनपर्यंत मिळाल्यास मी १८ ऑगस्टला रुजू होऊ शकेन. ही तारीख चालेल का? ही केवळ विचारणा आहे. मूळ ऑफर मी नाकारलेली नाही. विचार करायला वेळ लागणार असेल तर उत्तराची मुदत वाढवून द्यावी.’

तारीख मी अशी काढली: १८ जूनला राजीनामा, तो दिवस धरून ६० दिवस १६ ऑगस्टला भरतात, मध्ये एक दिवस सामान बांधायला. तुमच्या नेमणूकपत्रात नोटीस कशी मोजायची ते मात्र एकदा वाचा.

ईमेलने पाठवा, १४ तारखेच्या आत. १७ पर्यंत उत्तर नाही आलं, मुदतही वाढली नाही, तर मूळ अटींवर हो म्हणायचं की नाही हे त्याच दिवशी ठरवावं लागेल. मात्र १ जुलै तुम्हाला जमणारच नाही, त्यामुळे तारखेचं लेखी उत्तर नसताना ‘हो’ पाठवू नका.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. या वाक्यांनी कंपनी बांधली जात नाही. तुमचा स्वीकार रवाना होईपर्यंत ती ऑफर मागे घेऊ शकते, कलम ५. एचआर फोनवर ‘करू, करू’ म्हणेल. त्याच संध्याकाळी ‘आज झालेल्या बोलण्याप्रमाणे’ अशी सुरुवात करून दोन ओळींचा ईमेल टाका. सुधारित पत्र आलं, तुम्ही स्वीकार पाठवला, की मग राजीनामा.