शाळेतली जंताची गोळी घेऊनही रात्रीची खाज परत का येते?

प्रश्न: मुलगी सहा वर्षांची आहे. 10 ऑगस्टला शाळेत जंताची गोळी घेतली, दोन-तीन आठवडे बरं होतं. आता परत रात्री ढुंगणाशी खाज, रडारड. घरात आजी आणि धाकटा भाऊ आहेत. पावसात गोधड्या धुवायच्या तरी कशा?

उत्तर: मी दापोली तालुक्यात आरोग्यसेविका आहे. गोळी वाया गेली असं समजू नका. अल्बेंडाझोल आतल्या जंतांना मारते, अंड्यांना नाही. दोऱ्यासारख्या या जंताची मादी रात्री बाहेर येऊन ढुंगणाच्या कडेला हजारो अंडी घालते, खाज त्याचीच. खाजवलं की अंडी नखांत जातात आणि तिथून तोंडात. काही तासांतच ती लागण करण्याजोगी होतात आणि दमट हवेत दोन-तीन आठवडे टिकतात. आपल्याकडचा श्रावण-भादवा त्यांना मानवतोच.

म्हणून दुसरा डोस दोन आठवड्यांनी लागतो. तो शाळेत मिळत नाही. तुमच्याकडे 24 ऑगस्टला द्यायला हवा होता; आता नव्याने सुरुवात करा. घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी 400 मिलिग्रॅमची गोळी चावून घ्यायची आणि चौदा दिवसांनी पुन्हा. आजी हमखास म्हणतील, "माका काय खाज नाय." लक्षण नसलं तरी जंत असू शकतात, आणि नातवंडं त्यांच्याच कुशीत झोपतात. भाऊ दोन वर्षांहून लहान असेल किंवा घरात कोणी गरोदर असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी नको.

आधी खात्री हवी असेल तर मुलगी झोपल्यावर दोन-तीन तासांनी टॉर्चने बघा. सेंटिमीटरभर पांढरं सूत वळवळताना दिसतं. शौचाच्या तपासणीत हे जंत बहुतेक सापडत नाहीत. दिसलं नाही, तर सकाळी धुण्याआधी पारदर्शक चिकटपट्टी तिथे दाबून काचपट्टीवर लावा आणि दवाखान्यात न्या, लागोपाठ तीन सकाळी.

गोधड्या रोज धुवायच्या नाहीत. गोधडीवर सुती चादर घाला. पहिल्या गोळीच्या दुसऱ्या दिवशी चादरी, उशांचे अभ्रे, चड्ड्या गरम पाण्यात धुवा, पुढेही अधूनमधून. वाळत नसतील तर इस्त्री फिरवा. अंथरूण झटकू मात्र नका, अंडी हवेत उडतात, गुंडाळून न्या. केर काढण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसा.

रात्री घट्ट चड्डी घाला. सकाळी उठल्याबरोबर तांब्याने आंघोळ आणि स्वच्छ चड्डी. रात्रभरातली अंडी तेव्हाच वाहून जातात, म्हणून संध्याकाळची आंघोळ तितकी कामाची नाही. नखं बारीक कापा, जेवणाआधी आणि शौचानंतर हात साबणाने धुवा. हे सगळं दुसऱ्या डोसनंतरही दोन आठवडे चालू ठेवा.

गोड बंद करण्याची गरज नाही, जंत गोडाने होत नाहीत. मुलीला लघवीला जळजळ होत असेल किंवा पुढच्या बाजूला खाज, पांढरं जाणं असेल, तर लगेच डॉक्टरांकडे न्या. मुलींमध्ये जंत तिकडेही सरकतात.