शैक्षणिक कर्ज: मोरेटोरियममध्ये हप्ता थांबतो, व्याज चालूच राहतं

प्रश्न: मुलाला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळतोय. चार वर्षांची फी आणि वसतिगृह धरून ८ लाख खर्च आहे. कर्ज काढलं तर शिक्षण चालू असताना व्याज भरावं लागतं का? घर किंवा गावाकडची शेती तारण ठेवावी लागेल का? माझं एक जुनं कर्ज 'सेटल' झालेलं आहे, तर सहकर्जदार कोणाला करावं?

उत्तर:

तुमच्या बाबतीत सगळ्यात आधी बघायचा आकडा ७.५ लाखांचा आहे, कारण तारणाचा प्रश्न तिथेच सुटतो किंवा अडतो.

बहुतेक सरकारी बँका इंडियन बँक्स असोसिएशनच्या आदर्श योजनेप्रमाणे शैक्षणिक कर्ज देतात. त्यात ४ लाखांपर्यंत स्वतःचा वाटा घालावा लागत नाही. त्यापुढे देशातल्या शिक्षणासाठी एकूण खर्चाच्या ५ टक्के वाटा तुमचा, बाकीचा बँकेचा. बँका याला मार्जिन म्हणतात. ७.५ लाखांपर्यंतच्या कर्जाला केंद्र सरकारच्या पतहमी निधीचं संरक्षण मिळतं, म्हणून बँक तारणही मागत नाही आणि तिऱ्हाईत जामीनही. कर्ज त्याच्या वर गेलं की घर, फ्लॅट, मुदत ठेव असं काहीतरी ठेवावं लागतं.

आता तुमचे ८ लाख. ५ टक्के मार्जिन म्हणजे ४० हजार, उरले ७.६० लाख. म्हणजे फक्त दहा हजारांसाठी घराची कागदपत्रं बँकेत जाणार, वकिलाचा शोध अहवाल, मूल्यांकन, गहाणाचा खर्च हे सगळं मागे लागणार. त्यापेक्षा तुमचा वाटा ५० हजारांचा करा आणि अर्जच ७.५ लाखांचा भरा. दर वर्षी साडेबारा हजार तुमचे, १,८७,५०० बँकेचे. मार्जिन एकदम भरावं लागत नाही, प्रत्येक वर्षाची फी उचलताना त्या प्रमाणात भरता येतं.

कॉलेज पीएम-विद्यालक्ष्मी योजनेच्या यादीत आहे का, हेही अर्जाआधी बघा. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या या योजनेत निवडक नामांकित संस्थांसाठी तारणाशिवाय आणि जामिनाशिवाय कर्ज मिळतं. यादी दरवर्षी नव्याने होते, त्यामुळे दुसऱ्या कुणाच्या मुलाला गेल्या वर्षी मिळालं यावर विसंबू नका. अर्ज पीएम-विद्यालक्ष्मी पोर्टलवरून करायचा असतो.

शेतीचं सांगायचं तर तो विचार सोडून द्या. थकलेल्या कर्जासाठी बँक ज्या सरफेसी कायद्याखाली तारण जप्त करते, तो शेतजमिनीला लागू होत नाही. त्यामुळे सातबारा कितीही स्वच्छ असला तरी शैक्षणिक कर्जाला बँका तो सहसा घेत नाहीत. गावठाणातल्या घराचंही अनेकदा तेच होतं. ग्रामपंचायतीचा आठ नंबरचा उतारा हा कर आकारणीचा कागद आहे, मालकीचा नाही. मागे नोंदणीकृत खरेदीखतांची साखळी नसेल तर बँकेच्या पॅनेलवरचा वकील अडवतो. पुढे कधी तारण द्यायची वेळ आलीच तर मुदत ठेव सगळ्यात सोपी. विम्याची पॉलिसीही चालते, पण तिची किंमत समर्पण मूल्यानुसार, म्हणजे पॉलिसी आज मोडली तर जे हातात येईल त्यानुसार धरतात, विमा रकमेनुसार नाही. पाच लाखांची पॉलिसी आहे म्हणून पाच लाखांचं तारण झालं असं समजू नका.

आता व्याज. सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहेत.

मोरेटोरियम म्हणजे शिक्षणाचा काळ आणि त्यानंतर १ वर्ष. या काळात हप्ता भरण्याची सक्ती नसते. पण व्याज पहिली रक्कम कॉलेजच्या खात्यात गेल्या दिवसापासून लागतं. ते फक्त उचललेल्या रकमेवर लागतं, मंजूर झालेल्या पूर्ण रकमेवर नाही. आणि आदर्श योजनेप्रमाणे हप्ते सुरू होईपर्यंत ते सरळव्याज असतं. हप्ते सुरू होताना साचलेलं सगळं व्याज मुद्दलात मिळवतात आणि त्या फुगलेल्या रकमेवर हप्ता बसवतात.

समजा दर १० टक्के आहे आणि तो बदलत नाही. (प्रत्यक्षात दर बहुधा बदलता असतो, खाली-वर होईल.) दर वर्षाच्या सुरुवातीला १,८७,५०० उचलले. पहिल्या उचलीवर पाच वर्षांचं व्याज लागेल, चार शिक्षणाची आणि एक सवलतीचं: ९३,७५०. दुसरीवर चार वर्षांचं ७५,०००, तिसरीवर ५६,२५०, चौथीवर ३७,५००. एकूण २,६२,५००. मुलगा पहिला हप्ता भरायला उभा राहील तेव्हा त्याच्यासमोर ७.५ लाख नसतील, १०,१२,५०० असतील. दहा वर्षांची मुदत घेतली तर महिन्याचा हप्ता साधारण १३,३८० रुपये.

हेच व्याज तुम्ही महिन्याच्या महिन्याला भरत गेलात तर? पहिल्या वर्षी महिन्याला सुमारे १,५६० रुपये, दुसऱ्या वर्षी ३,१२५, तिसऱ्या वर्षी ४,६९०, चौथ्या आणि सवलतीच्या वर्षी ६,२५०. मग मोरेटोरियम संपताना शिल्लक ७.५ लाखच राहते आणि हप्ता साधारण ९,९१० बसतो. महिन्याला जवळपास ३,४७० चा फरक, दहा वर्षांत ४ लाख १६ हजारांच्या आसपास. त्यासाठी तुम्ही आधी भरलेले २ लाख ६२ हजार वजा केले तर दीड लाखाच्या थोडं वर वाचतात. शिवाय शिकत असताना व्याज नियमित भरल्यास बऱ्याच बँका दरात १ टक्का सवलत देतात. ती कधीपर्यंत लागू राहते ते मंजुरीपत्रात लिहून आलंय का बघा, तोंडी सांगण्यावर जाऊ नका.

तरी माझं मत असं की व्याज भरण्यासाठी ओढाताण करू नये. घरात वैयक्तिक कर्ज किंवा क्रेडिट कार्डाची थकबाकी चालू असेल तर पैसे आधी तिकडे जाऊ द्या, तिथला दर याहून बराच जास्त असतो. पहिली दोन वर्षं रक्कम लहान असते, तेवढं भरलं तरी फरक पडतो. अधूनमधून जमेल तसं भरायलाही हरकत नाही. बदलत्या दराच्या कर्जाला मुदतीआधी पैसे भरल्याबद्दल बँक दंड लावू शकत नाही.

कौटुंबिक उत्पन्न कमी असेल तर सरकार मोरेटोरियममधल्या व्याजाचा भार उचलतं. वर्षाला ४.५ लाखांपर्यंत उत्पन्न असेल आणि अभ्यासक्रम तांत्रिक किंवा व्यावसायिक असेल तर पूर्ण व्याज, आणि पीएम-विद्यालक्ष्मीखाली ८ लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के. वरच्या उदाहरणात ३ टक्के म्हणजे २,६२,५०० पैकी ७८,७५०. उत्पन्नाचा दाखला तहसील कार्यालयातून वेळेत काढून ठेवा, आणि त्याच खर्चासाठी दुसरी सरकारी शिष्यवृत्ती किंवा व्याज सवलत चालू असेल तर ही मिळणार नाही हे गृहीत धरा. मधेच शिक्षण सोडलं तरी सवलत जाते.

खात्याचा उतारा दर तीन-चार महिन्यांनी काढून बघत जा. सरळव्याज बरोबर लागत असेल तर पहिल्या वर्षी ३१ दिवसांच्या महिन्याला सुमारे १,५९२ आणि ३० दिवसांच्या महिन्याला १,५४१ अशी नोंद दिसेल, म्हणजे दिवसांप्रमाणे खाली-वर होत तेवढ्याच आकड्यांत फिरेल. नवी उचल नाही, दर बदललेला नाही, तरी आकडा महिन्यागणिक चढत चालला असेल तर व्याजावर व्याज लागतंय. अशा वेळी मंजुरीपत्रातलं सरळव्याजाचं कलम दाखवून शाखेला लेखी विचारा. खासगी वित्तसंस्थांच्या अटी मुळातच वेगळ्या असतात. तिथे शिकत असतानाच व्याजाचा काही भाग किंवा पूर्ण व्याज दरमहा मागतात, म्हणून तिकडे सही करण्याआधी हे कलम आधी वाचा.

सहकर्जदाराबद्दल. साधारणपणे आई किंवा वडील, आणि विद्यार्थी विवाहित असेल तर जोडीदार किंवा सासू-सासरे. सहकर्जदार हा साक्षीदार नसतो. कर्ज त्याच्याही नावावर असतं, त्याच्याही सिबिलवर दिसतं, आणि थकलं तर बँक दोघांकडेही मागते. तुमच्या जुन्या कर्जाची 'सेटल्ड' अशी नोंद म्हणजे तेव्हा बँकेने काही रक्कम सोडून दिली होती, म्हणून नवी बँक बिचकते. दोन रस्ते आहेत. उरलेली रक्कम त्या बँकेला भरून ना-देय दाखला घ्या आणि नोंद 'क्लोज्ड' करून मागा. अहवालात बदल दिसायला वेळ लागतो, म्हणून फीची तारीख जवळ असेल तर हे पुरणार नाही. दुसरा म्हणजे मुलाच्या आईला सहकर्जदार करा. तिचं उत्पन्न नसेल आणि शाखा अडून बसली तर कमावता भाऊ किंवा बहीण चालेल का हे विचारा. काही झालं तरी सेटलमेंटची गोष्ट अर्जात लपवू नका, पहिल्याच तपासणीत ती समोर येते.

दोन ठिकाणी लोक हमखास अडकतात. एक, विषय राहून वर्ष वाया जातं आणि कोणी बँकेला कळवत नाही. संगणकात अभ्यासक्रम संपण्याची जुनीच तारीख असते, हप्ते सुरू होतात, आणि ९० दिवस थकलं की खातं अनुत्पादक ठरतं. आदर्श योजनेत अभ्यासक्रमाची मुदत जास्तीत जास्त दोन वर्षं वाढवून देण्याची सोय आहे, पण कॉलेजचं पत्र घेऊन आधी अर्ज तुम्हीच करायचा असतो.

दुसरं करांचं. ८०ई म्हणून ओळखली जाणारी वजावट फक्त व्याजावर, फक्त जुन्या करप्रणालीत मिळते, आणि ज्या वर्षी व्याज भरायला सुरुवात केली त्या वर्षापासून आठच वर्षं. पहिल्या वर्षापासून व्याज भरलंत तर आठांपैकी पाच वर्षं हप्ते सुरू होण्याआधीच संपतात. त्या काळात व्याज तुम्ही भरत असाल, कर्जात तुमचंही नाव असेल आणि तुम्ही जुन्या प्रणालीत कर भरत असाल तर वजावट तुम्हाला मिळेल. तुमच्याऐवजी आई सहकर्जदार झाली तर हे गणित तिच्या उत्पन्नावर मांडा.