जड पुलीचा शाफ्ट किती जाड हवा? वाचकांचे प्रश्न, उत्तरं

प्रश्न : आमच्या गुऱ्हाळात चरकाच्या मधल्या शाफ्टवर दीडशे किलोची, ९०० मिमीची पुली आहे. मोटर २० एचपी, शाफ्ट ३०० आरपीएमने फिरतो. टॉर्कच्या सूत्राने ३२ मिमी आला, म्हणून ईएन ८ चा ३५ मिमीचा बसवला. दहाव्या दिवशी पुलीकडच्या बेअरिंगपाशी तुटला. माल खराब होता का?

मालाला दोष देण्याआधी तुटलेलं टोक रॉकेलने पुसा आणि उन्हात तिरकं धरून बघा. कडेपासून आतपर्यंत गुळगुळीत भाग दिसेल. त्यावर ओहोटीनंतर वाळूवर राहतात तशा बारीक कमानी असतील आणि एका बाजूला खडबडीत, दाणेदार ठिगळ असेल. गुळगुळीत भाग म्हणजे रोज थोडी थोडी पुढे सरकलेली चीर. खडबडीत भाग शेवटच्या क्षणी तुटलेला. ते ठिगळ लहान असेल, तर शाफ्टवर भार एकदम आला नव्हता, तो थकून गेला. पिळाचा जोर अति झाला असता तर की-वेची सरळ रेघ मळसूत्रासारखी वळलेली दिसली असती. ती सरळच असणार, असा माझा अंदाज आहे.

थकला तो वाकण्याने. तुमची पुली बेअरिंगच्या बाहेर लटकते. तिचं वजन शाफ्टला खाली ओढतं आणि पट्टा मोटरच्या दिशेने ओढतो. या दोन्ही ओढींची दिशा बदलत नाही, पण शाफ्ट फिरत राहतो. त्यामुळे पृष्ठभागावरचा प्रत्येक कण एका फेरीत एकदा ताणला जातो आणि एकदा दाबला जातो. ३०० आरपीएमला हे तासाला १८,००० वेळा घडतं. रोज आठ तास धरले तर दहा दिवसांत चौदा लाखांवर हेलकावे होतात. पिळाचा ताण मात्र बराचसा एकाच दिशेने टिकून असतो, आणि तो पोलादाला इतका जड जात नाही. तुमच्या गणितात टॉर्क होता, वाकणं नव्हतंच. ते किती होतं ते पुढच्या उत्तरात बघू.

प्रश्न : याच पुलीसाठी शाफ्टचं पूर्ण गणित आकडे टाकून दाखवाल का? पुलीचा मध्य बेअरिंगच्या मध्यापासून २५० मिमी बाहेर आहे, दोन बेअरिंगमध्ये ६०० मिमी. पट्टा सपाट आणि जवळजवळ आडवा आहे.

२० एचपी म्हणजे साधारण १५ किलोवॉट. ९५५० गुणिले किलोवॉट भागिले आरपीएम केलं की टॉर्क मिळतो. इथे तो ४७७.५ न्यूटन-मीटर येतो.

आता पट्टा. टॉर्कला पुलीच्या त्रिज्येने, म्हणजे ०.४५ मीटरने भागलं की पट्ट्याच्या घट्ट आणि सैल बाजूंतल्या ओढीचा फरक मिळतो, १०६१ न्यूटन. शाफ्टला वाकवते ती मात्र दोन्ही बाजूंची बेरीज, आणि गणित चुकतं ते बहुतेक वेळा इथेच. घट्ट बाजूची ओढ सैल बाजूच्या अडीच पट धरली, तर सैल बाजूला ७०७ आणि घट्ट बाजूला १७६८ न्यूटन येतात. बेरीज २४७५ न्यूटन. पट्टा नवा असताना गडी आणखी आवळतात, तेव्हा ती याहूनही जास्त होते.

वजन खाली साधारण १५०० न्यूटन, पट्टा आडवा २४७५ न्यूटन. काटकोनातल्या या दोन बलांचं मिळून २८९४ न्यूटन होतं. गुणिले ०.२५ मीटर, म्हणून बेअरिंगपाशी बेंडिंग मोमेंट ७२३.५ न्यूटन-मीटर. तो टॉर्कच्या दीडपट आहे. ३५ मिमीच्या शाफ्टवर त्याने सुमारे १७२ न्यूटन प्रति चौरस मिमी ताण येतो, तोही उलटसुलट. खांद्याचा धारदार कोपरा किंवा बेअरिंगची घट्ट बैठक असली की तिथे तो आणखी साचतो. म्हणून शाफ्ट तिथेच गेला.

समतुल्य टॉर्क असा काढतात :

```
Te = √[(Kb·M)² + (Kt·T)²]
d³ = 16·Te / (π·τ)
```

M म्हणजे बेंडिंग मोमेंट, T टॉर्क, d व्यास आणि τ परवानगीचा ताण. Kb आणि Kt हे धक्क्याचे गुणक. चरकात मोळी एकदम शिरली की यंत्र दचकतं, म्हणून मी इथे Kb = २ आणि Kt = १.५ धरतो. सावकाश चालणाऱ्या पंख्यासारख्या यंत्राला १.५ आणि १ पुरतात. Kb·M झाला १४४७, Kt·T झाला ७१६. वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ १६१५ न्यूटन-मीटर.

परवानगीचा ताण जुन्या एएसएमई संहितेच्या रिवाजाने घेऊ : यील्डच्या ०.३ पट किंवा अंतिम ताकदीच्या ०.१८ पट, यातला लहान तो. की-वे असेल तर त्यातून आणखी पाव भाग वजा. तुमच्या ईएन ८ च्या प्रमाणपत्रात यील्ड ३३० आणि अंतिम ताकद ६०० धरली, तर ९९ आणि १०८ येतात. लहान ९९, त्यातून पाव काढला की ७४. Te न्यूटन-मिमीत घेतला, की त्यावरून व्यास ४८ मिमी, म्हणजे बाजारातला ५० मिमीचा शाफ्ट. फक्त टॉर्कवर याच ताणाने ३२ मिमी येतो. शाफ्टमधला माल व्यासाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे ३२ वरून ५० वर जाताना तो जवळजवळ अडीच पट होतो. एवढा माल लागतो तो वाकणं आणि धक्के सोसायला.

प्रश्न : कॉलेजात सांगितलं, की M आणि T काटकोनात असतात म्हणून वर्गमूळ घेतात. पण वजन आणि पट्ट्याच्या ओढीसाठीही वर्गमूळच घेतलं. हे दोन्ही एकच का? आणि Te १६१५ आला तर मोटर आणि चावी त्याच आकड्यावर निवडायची का?

वजन आणि पट्टा खरोखरच काटकोनात असलेली बलं आहेत, म्हणून ते पायथागोरसचं प्रमेय. M आणि T चं वर्गमूळ वेगळ्या कारणाने येतं. वाकण्याने पृष्ठभागावर लांबीच्या दिशेने ताण येतो, तो `32M/πd³`. पिळाने कापणारा ताण येतो, तो `16T/πd³`. एकाच ठिकाणी हे दोन्ही असले की सर्वांत मोठा कापणारा ताण मोरच्या वर्तुळाची त्रिज्या असते. त्या त्रिज्येत वाकण्याच्या ताणाचा अर्धा भाग मोजला जातो. ३२ चा अर्धा १६, म्हणून दोन्हींत `16/πd³` समान निघतो आणि कंसात M² + T² राहतं. सूत्र इतकं सुटसुटीत दिसतं ते भरीव गोल शाफ्टच्या या योगायोगामुळे.

त्यामुळे Te हा कुठेही वाहणारा टॉर्क नाही. एवढा टॉर्क एकटा लावला असता तर पृष्ठभागावर तितकाच मोठा कापणारा ताण आला असता, एवढाच त्याचा अर्थ. मोटर २० एचपीवरच निवडायची. या शाफ्टवरच्या कपलिंग आणि चावीतून जातो तो ४७७.५. चावी निवडताना धक्क्याचा गुणक लावून ७१६ धरा, १६१५ नाही. मी एकदा एका कारखान्यात Te वर निवडलेलं कपलिंग पाहिलं. दुपटीहून मोठं, आणि त्याचं वाढीव वजन शाफ्टच्या टोकाला लटकत होतं. ज्या वाकण्यापासून शाफ्टला वाचवायचं, तेच त्यांनी वाढवून ठेवलं होतं.

एक मर्यादा सांगतो. हे सूत्र सर्वांत मोठ्या कापणाऱ्या ताणाच्या सिद्धांतावर उभं आहे, म्हणजे तुटण्याआधी ताणल्या जाणाऱ्या पोलादासाठी. बिडासारख्या ठिसूळ धातूला समतुल्य बेंडिंग मोमेंट घ्या, `Me = ½(M + Te)`. आणि M व T नेहमी एकाच छेदाचे घ्या. एका बेअरिंगपाशचा M आणि दुसऱ्या टोकाचा T एकत्र करून उत्तर काढलेल्या वह्या मी पुष्कळ पाहिल्या आहेत.

प्रश्न : जागा नाही म्हणून मोटर पुलीच्या सरळ खाली बसवणार आहे. शाफ्ट तोच ५० मिमी चालेल ना?

नाही चालणार. पट्टा खाली ओढू लागला की वजन आणि ओढ एकाच दिशेला येतात आणि सरळ बेरीज होते, ३९७५ न्यूटन. बेंडिंग मोमेंट ९९४ होतो, Te २११३ आणि व्यास ५२.६, म्हणजे ५५ मिमी लागतो. याउलट मोटर वर माळ्यावर असेल तर ओढीतून वजन वजा होतं आणि वाकणं एकदम कमी होतं. पण पट्टा उतरला किंवा तुटला की पूर्ण वजन शाफ्टवर असतंच, आणि चालू करताना ओढ काही वेळ जास्त असते. म्हणून त्या वजाबाकीच्या भरवशावर शाफ्ट बारीक करू नका.

मला विचाराल तर मोटर हलवण्यापेक्षा प्लमर ब्लॉक पुलीकडे सरकवा. २५० मिमीची लोंबती बाजू १५० मिमी झाली, की मूळ आडव्या पट्ट्यासाठी व्यास ४२.६ वर येतो आणि ४५ मिमीचा शाफ्ट पुरतो. पट्टा कुठेही गेला तरी वाकण्याचं मूळ ते अंतरच आहे. ते कमी करायला स्टँडला चार नवी भोकं लागतात, महाग माल लागत नाही.

प्रश्न : टर्नर म्हणतो ईएन २४ घ्या, शाफ्ट बारीक होईल आणि तुटणार नाही. खरं आहे का?

थोडंसं. टेम्पर केलेल्या ईएन २४ ची अंतिम ताकद ८५० आणि यील्ड ६५० धरली, तर की-वेची वजावट करून ११५ न्यूटन प्रति चौरस मिमी परवानगी मिळते. १६१५ च्या Te ला व्यास येतो ४१.५, म्हणजे घ्यायचा ४५ मिमी. ५० वरून ४५, एवढीच बचत. व्यास घनमुळाने बदलतो, म्हणून ताकद दीडपट झाली तरी व्यास फारसा घटत नाही.

आणि शाफ्ट किती वाकेल यावर मालाचा काही परिणाम होत नाही. ईएन ८ असो की ईएन २४, लवचीकतेचा गुणांक जवळजवळ तोच, सुमारे २ लाख न्यूटन प्रति चौरस मिमी. ५० मिमीच्या शाफ्टवर पुलीचा मध्य आपल्या उदाहरणात सुमारे ०.८ मिमी सरकतो आणि पुली इतकी कलते, की तिच्या व्यासाच्या दोन टोकांत साडेतीन मिमीचा फरक पडतो. ४५ मिमीला तो फरक सव्वापाच मिमीवर जातो. सपाट पट्टा इतक्या कलत्या पुलीवर एका काठाकडे पळतो, आणि मग गडी तो ठिकाणावर ठेवायला आणखी आवळतो. आवळला की २४७५ न्यूटनचा आकडा वाढतो, आणि ज्या गणितावर ४५ मिमी काढला तेच मोडतं.

त्यात ईएन २४ कठीण असल्याने की-वेच्या टोकाला आणि धारदार खांद्याला ईएन ८ पेक्षा जास्त हळवा असतो. टर्नरला माल बदलायला सांगण्यापेक्षा खांद्याच्या कोपऱ्याला बेअरिंगच्या आतल्या कडेला बसेल एवढी मोठी गोलाई ठेवायला सांगा, तिथे टूलची रेघ राहू देऊ नका आणि की-वे बेअरिंगच्या बैठकीपर्यंत नेऊ नका. ३५ मिमीच्या शाफ्टची चीर बहुधा अशाच एखाद्या रेघेतून निघाली होती.