तालुक्याचं क्षेत्रफळ, लोकसंख्या, गावांची यादी: पत्रात नेमकं काय मागावं

पत्र जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे नुसतं धाडलंत तर ते टेबलाटेबलांवर फिरत राहील. जिल्हा सांख्यिकी कार्यालयाला लिहा आणि प्रत तहसीलदारांना द्या, कारण गावांची यादी मुळात महसूल खात्याची असते.

‘सध्याची लोकसंख्या’ असं लिहू नका. सध्याची अधिकृत लोकसंख्या कुणाकडेच नसते. ‘2011 च्या जनगणनेनुसार’ म्हणा, ग्रामीण आणि नागरी आकडे वेगळे मागा.

डहाणूचंच बघा. पालघर जिल्हा 1 ऑगस्ट 2014 रोजी झाला, त्यामुळे 2011 च्या जनगणनेत डहाणू ठाणे जिल्ह्याखाली सापडतो. अशा तालुक्यासाठी ‘कोणत्या तारखेच्या हद्दीनुसार’ हे पत्रातच विचारा.

खरी गफलत गावांच्या यादीत होते. महसुली गावं आणि ग्रामपंचायती वेगळ्या: एका ग्रामपंचायतीत अनेक गावं असू शकतात, तर पाडे स्वतंत्र गाव म्हणून मोजले जातीलच असं नाही. म्हणून ‘महसुली गावांची यादी, ओसाड गावांसह, जनगणनेच्या सहा अंकी संकेतांकासह’ असं स्पष्ट लिहा. संकेतांक असला की एकाच नावाची दोन गावं गोंधळ घालत नाहीत.

क्षेत्रफळाचं एकक आणि स्रोत दोन्ही मागा. गावांच्या हेक्टरांची बेरीज तालुक्याच्या चौरस किलोमीटरशी जुळली नाही तर लगेच चूक समजू नका. दोन आकडे बहुधा दोन खात्यांचे असतात.

उत्तर आलं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज करा: दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत.